बारशानंतरचं रडणं

धाकटीच्या बाळंतपणाची वही अजून माझ्या कपाटात आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. बाळ कधी प्यायलं, कोणत्या बाजूला, शू किती वेळा, शी किती वेळा, हे त्यात लिहीत जा, असं दवाखान्यातून घरी सोडताना नर्सने सांगितलं होतं. पहिली पानं अगदी रीतसर आहेत. दहाव्या दिवसापासून मात्र दुधाच्या नोंदींच्या मधेमधे वेगळंच काही दिसायला लागतं. '२.१०, श्वास ठीक.' '२.२५, श्वास ठीक.' '२.४०, श्वास ठीक, पोट हलतंय.' अक्षर धाकटीचं.

मी रोज सकाळी वही उघडायचे, शू-शीचे आकडे मोजायचे आणि मिटून ठेवायचे. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत म्हणजे दूध पुरतंय, एवढंच मला बघायचं असायचं. वही लिहिणारी मुलगी रात्रभर जागी आहे, हे समोर लिहिलेलं असून मी वाचलं नाही.

हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण माझं नाव नको, आणि गोड करून नको."

आधी थोरलीबद्दल सांगायला हवं, कारण माझी चूक तिथून सुरू झाली. धाकटीच्या चार वर्षं आधी थोरली माझ्याकडेच बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं, छाती दगडासारखी झाली आणि चौथ्या दिवशी तिचं रडणं सुरू झालं. जावयांनी बाळाला टोपरं आणलं ते मोठं निघालं, म्हणून रडली. मी डिंकाचा लाडू पुढे केला, तर "तू किती करतेस गं माझ्यासाठी" म्हणून रडली. रडता रडता बाळाने जांभई दिली की लगेच हसायची. कुशीत घेतलं की शांत व्हायची. दुपारी मी बाळ घेऊन बाहेरच्या खोलीत गेले की पाच मिनिटांत घोरायला लागायची. बाराव्या दिवशी बारसं झालं तेव्हा जरीचं लुगडं नेसून, नाकात नथ घालून ती पाळण्यापाशी बसली होती आणि नाव कोणी कानात सांगायचं यावरून आत्याची चेष्टा करत होती. रडणं कुठे गेलं, कुणाला कळलंही नाही.

डॉक्टर याला 'बेबी ब्लूज' म्हणतात, आणि ते निम्म्याहून जास्त बाळंतिणींना होतं. गरोदरपणात वार भरपूर संप्रेरकं तयार करत असते. वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन-तीन दिवसांत एकदम खाली येतात. त्यात टाक्यांचं दुखणं, जागरण आणि दूध उतरतानाची ठणक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, आणि दहा-चौदा दिवसांत आपोआप ओसरतं. औषध लागत नाही. झोप, गरम जेवण आणि 'कशाला रडतेस' असं न विचारणारं माणूस एवढं पुरतं.

म्हणून धाकटी चौथ्या दिवशी रडली तेव्हा मी निर्धास्त होते. शेजारच्या काकू विचारायला आल्या, तेव्हा मीच त्यांना सांगितलं, "होतं हो असं. बारशापर्यंत जाईल."

बारसं झालं. धाकटीही लुगडं नेसली, ओटी भरून घेतली, फोटो काढले. त्या फोटोंत ती पाळण्याकडे बघत नाहीये, कॅमेऱ्याकडेही नाही. बायका गेल्यावर तिने नथ काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "झालं ना? आता झोपू?" झोपायला गेली. मी तासाभराने डोकावले तर ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडली होती. बाळ तेव्हा माझ्या बहिणीच्या मांडीवर होतं.

आमचं घर नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. ते दिवस गणपतीच्या आधीचे, म्हणजे संध्याकाळ झाली की नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव. खिडक्या लावल्या तरी तावदानं थरथरायची. तिला झोप लागत नाही याचं कारण मला आयतंच सापडलं होतं. तिने जेवण कमी केलं तेव्हा म्हटलं, पथ्याच्या जेवणाला कंटाळली असेल. अळिवाची खीर तशीच राहिली, म्हटलं गोड नको वाटत असेल. ती बोलेनाशी झाली, तर म्हटलं दमलीये. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण होतं, आणि सुटं सुटं बघितलं तर प्रत्येक कारण खरंही वाटत होतं. पण रात्री दोन वाजता नदीपात्रात कुणी ढोल वाजवत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आलं ते मालिशवाल्या मावशींच्या. मावशींनी आमच्या भागातल्या दोन पिढ्यांना न्हाऊमाखू घातलंय. सोळाव्या दिवशी काम आटपून जाताना त्या स्वयंपाकघरात आल्या, आवाज खाली घेतला आणि म्हणाल्या, "काकू, बाळंतीण माझ्या हाताखाली झोपते. कितीही दुखलं-खुपलं तरी कंबरेला हात लागला की डोळे मिटतात. ताई एक दिवस झोपल्या नाहीत. अंग लाकडासारखं धरून ठेवतात. जरा बघा."

त्या दिवशी मी वही पुन्हा उघडली, आणि यावेळी वेळा वाचल्या.

बाळंतीण जागी असणं यात नवल काही नाही, बाळ दर दोन-तीन तासांनी उठवतंच. बघायचं ते याच्या पुढचं. बाळ झोपलंय, दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात सुखरूप आहे, खोलीत अंधार आहे, तरी तिला झोप लागत नाही का? थोरली अशा वेळी ओंडक्यासारखी झोपायची. धाकटीला संधी मिळूनही झोप येत नव्हती. दमलेलं शरीर आणि आजारी पडलेलं मन यांतला फरक घरच्या माणसाला दिसण्यासारखा याच्याइतका दुसरीकडे कुठे नाही, असं मला आता वाटतं.

त्या रात्री मी तिच्या खोलीत झोपले. पावणेतीनला ती उठून पाळण्यापाशी गेली, बाळाच्या नाकापुढे बोट धरलं आणि वही ओढली. मी म्हटलं, "बाळ, काय होतंय तुला?" बराच वेळ ती गप्प होती. मग सांगितलं ते एका सुरात, एकही टिपूस न काढता. तिला काही वाटतच नव्हतं. बाळ रडलं की उठते, पाजते, बदलते, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी सांभाळतोय असं वाटतं. सकाळी जाग आली की पहिला विचार येतो, आता हा सगळा दिवस काढायचाय. या बाळाला माझ्यापेक्षा बरी आई मिळायला हवी होती. आणि शेवटी, माझ्याकडे न बघता, "आई, मी गॅलरीत जात नाही, तुझ्या लक्षात आलंय का? मला डोळ्यांसमोर दिसतं की बाळ माझ्या हातातून खाली पडलं. मी नाही ना गं असं करणार?"

माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांनी नंतर हे समजावलं ते मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण हे ऐकून घरचे एकतर घाबरून बाईपासून मूल काढून घेतात, नाहीतर 'असलं अभद्र बोलू नये' म्हणून तिचं तोंड बंद करतात.

नको असताना डोळ्यांपुढे येणारी अशी चित्रं नव्या आयांमध्ये बरीच आढळतात, नैराश्यात आणि चिंतेत जास्तच. त्या विचारानेच बाईला धडकी भरते, त्याची लाज वाटते, आणि तो टाळायला ती गॅलरी, सुरी, बाळाची अंघोळ या सगळ्यापासून लांब राहते. धाकटी गॅलरीत जात नव्हती ती यामुळे. अशा विचाराची भीती वाटते म्हणजे तो तिचा हेतू नाही. पण उपचार हवेतच.

याहून वेगळा, विरळा आणि फार धोक्याचा आजार म्हणजे बाळंतपणानंतरचा सायकोसिस. हजार बाळंतिणींमध्ये एखाद-दुसरीला होतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच अचानक उसळतो. बाई दोन-दोन रात्री झोपत नाही, तरी तिला थकवा जाणवत नाही. अखंड आणि असंबद्ध बोलते, घरच्यांवर संशय घेते, तिला आवाज ऐकू येतात. हे बाळ आपलं नाहीच, किंवा त्याला या जगातून सोडवायला हवं, असं तिला वाटतं, आणि ते तिला भयंकर वाटत नाही, पटलेलं असतं. घरात अशा वेळी 'बाहेरचं लागलंय' म्हणून अंगारा-धुपारा होतो. तेवढ्या वेळात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. तिला आणि बाळाला एक क्षणही एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्यायचं. कधी खोल उदासी तर कधी उन्माद असा बायपोलर आजार आधी झालेला असेल तर ही शक्यता बरीच वाढते, म्हणून ते बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगावं.

धाकटीचं ते नव्हतं. पण हे मला त्या रात्री कुठे ठाऊक होतं? मी गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आणि सकाळी जावयांना फोन केला.

तिच्या प्रसूतीच्या डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी वेळ दिली. मला वाटलं टाके बघतील. त्यांनी टाके बघितलेच, पण आधी मराठीत छापलेला एक कागद दिला आणि मला बाहेर बसवलं. एडिंबरा प्रश्नावली म्हणतात तिला. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली, आता जगभर वापरतात. प्रश्न दहाच, सगळे गेल्या सात दिवसांबद्दल. हसू येतं का, पुढच्या गोष्टींची वाट बघावीशी वाटते का, उगाच स्वतःला दोष देता का, विनाकारण भीती वाटते का, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. दहाच्या पुढे गेलं की नीट बघावं लागतं, तेराच्या पुढे नैराश्य असण्याची दाट शक्यता. धाकटीचे सतरा आले. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा असतो. तिथे तिने 'कधीच नाही' वर खूण केली नव्हती. शेजारच्या चौकटीवर केली होती, 'क्वचित'वर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाकीची बेरीज कितीही कमी असती, तरी या एका खुणेसाठी मी तिला आज घरी तसंच पाठवलं नसतं." त्यांनी तिथूनच मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला.

या प्रश्नावलीने निदान होत नाही, ती फक्त दार उघडते. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं निदान झालं ते मानसोपचारतज्ज्ञांशी झालेल्या पाऊण तासाच्या बोलण्यातून. उदासी किंवा कशातच रस नसणं, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, अपराधीपणा, मरणाचे विचार. थोरलीचं रडणं लाटेसारखं येऊन जायचं, मधे कोरडी वाळू दिसायची. धाकटीचं पाणी चढून तसंच राहिलं होतं. डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, याआधी असं कधी झालं होतं का? झालं होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी जवळजवळ सहा महिने ती अशीच खोलीत पडून असायची. आम्ही त्याला परीक्षेचं टेन्शन म्हणत होतो. आधी नैराश्य होऊन गेलेल्या बाईला बाळंतपणानंतर ते होण्याचा धोका जास्त असतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कधी उलट झालंय का, न झोपता खूप उत्साह, खूप बोलणं, असंही त्यांनी खोदून विचारलं. तो बायपोलर असेल तर नुसतं नैराश्याचं औषध देऊन उन्माद उसळू शकतो, म्हणून.

रक्तही तपासलं. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतो आणि त्याचा थकवा, उदासी अगदी अशीच दिसते. तिचा थायरॉइड ठीक होता. हिमोग्लोबिन मात्र ८.९ होतं, म्हणून लोहही सुरू झालं. "पण नुसत्या लोहाने हे जाणार नाही," हे डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं. मी तेच विचारणार होते.

सौम्य आजार असेल तर समुपदेशनानेही बरं वाटतं. तिला दोन्ही दिलं. दर आठवड्याला समुपदेशकाकडे तासभर, आणि सर्ट्रालिन नावाची गोळी, आधी २५ मिलिग्रॅम, आठवड्याने ५०. बाळ अंगावर पितंय, गोळी कशी चालेल, या माझ्या प्रश्नावर त्यांनी सांगितलं की हे औषध आईच्या दुधात फारच थोडं उतरतं, म्हणूनच पाजणाऱ्या आईसाठी ते पहिल्यांदा निवडतात. बाळ पूर्ण दिवसांचं आणि वजनाने चांगलं होतं, तरी ते फार पेंगतंय का, नीट ओढतंय का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं. औषधांची पाकिटं माझ्या कपाटात राहिली आणि पहिले काही आठवडे ती रात्री एकटी नसेल असं आम्ही ठरवलं.

पण त्यांच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर गोळी नव्हती, झोप होती. रात्री सलग पाच तास. साडेनऊला पाजायचं, दहाला तिने आतल्या खोलीत जायचं आणि तीनपर्यंत कुणी तिला उठवायचं नाही. मधलं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधाचं, बोंडल्याने. जावई वाकडहून रोज रात्री यायला लागले. पहिल्या रात्री त्यांनी निम्मं दूध बाळाच्या मानेवर सांडलं, चौथ्या रात्रीपासून माझ्याहून बरं पाजायला लागले. माझ्या बहिणीने मात्र नाक मुरडलं, पुरुष माणसाला बाळंतिणीच्या खोलीत काय काम म्हणून. तिला मी त्या महिन्यात पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलले.

पहिले दोन आठवडे गोळीने काही झालं नाही. उलट मळमळलं, थोडी अस्वस्थता वाढली. हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी त्याच आठवड्यात गोळ्या बंद केल्या असत्या, आणि पुष्कळ घरांत नेमकं हेच होत असणार. आधी झोप आली. वहीत एक पान आहे, तिथे १०.०५ नंतर एकदम ३.२० आहे, मधे काही नाही. मग भूक आली. रडणं परत आलं, आणि मी घाबरले, पण ती म्हणाली, "नाही आई, हे बरं आहे, काहीतरी वाटतंय." आनंद सगळ्यात शेवटी. गणपती बसून गेले, नदीपात्र शांत झालं, सव्वा महिना उलटला. लसीसाठी बाळाला नेलं तेव्हा सुई टोचल्यावर ते किंचाळलं आणि ती एकदम त्याच्यावर ओणवी झाली. परत येताना रिक्षात माझ्याकडे दिलंच नाही.

बरं वाटल्यावरही औषध लगेच सोडायचं नसतं. सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग डॉक्टरच हळूहळू कमी करतात. तिची गोळी बाळाच्या पहिल्या वाढदिवसानंतर बंद झाली. फाइलच्या पहिल्या पानावर तिने स्वतः लिहून ठेवलंय की दुसऱ्या वेळी दिवस राहिले तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवायचं.

परवा जुन्या शाळेतल्या एका सहशिक्षिकेचा फोन आला. सून बाळंत झालीये, सारखी रडते, दूध आटेल म्हणून रडू नको सांगितलं तर जास्तच रडते. मी विचारलं, आज कितवा दिवस? सहावा. मधे हसते का? हो, बाळ शिंकलं तरी हसते. बाळ तुमच्याकडे असलं की झोपते का? झोपते, उठवावं लागतं. स्वतःबद्दल, बाळाबद्दल काही वाईटसाईट बोलते का? नाही. मग रडू दे, म्हटलं, दूध रडण्याने आटत नाही. पण यातलं एक जरी बदललं तर थांबू नका, आणि रात्री-अपरात्री काही सुचेना झालं तर १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. ससूनमध्येही मानसोपचार विभाग आहे.

चौदावा दिवस पुढच्या गुरुवारी येतोय. कॅलेंडरवर त्या चौकोनात मी तिचं नाव लिहून ठेवलंय, त्या दिवशी मीच फोन करणार आहे.